मशरूम उन्हात ठेवून व्हिटॅमिन डी वाढवलंय का कोणी? नाशिकच्या उन्हात किती वेळ ठेवायचं?

अनघा_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. आई आमच्याकडेच असते, वय ५८, वजन ५५ किलो, घरात अंडंसुद्धा येत नाही. गेल्या महिन्यात तिचं व्हिटॅमिन डी ११ आलं. डॉक्टरांनी आठवड्याला एक असे ८ आठवडे ते ६०,००० चे सॅशे दिलेत, ते चालूच आहेत, बंद करायचा प्रश्नच नाही. पण नंतर ते टिकवायचं कसं हा माझा प्रश्न. शाकाहारात डी देणारा पदार्थ शोधायला बसलं की फिरून फिरून मशरूमच येतं. आणि वर लिहिलेलं असतं की उन्हात ठेवलं तर डी वाढतं.
तर मी आणलं २०० ग्रॅमचं बटणचं पाकीट आणि आईने सांगितल्याप्रमाणे सकाळी साडेसातला कोवळ्या उन्हात ठेवलं. आमची बाल्कनी काचेने बंद केलेली आहे, काचेतून छान ऊन येतं, तिथेच दोन तास पाकीट तसंच ठेवलं. दुपारी भाजी केली. आता प्रश्न असा की यात डी खरंच आलं असेल का, आणि ते कळतं कसं? रंग बदलतो का, वास येतो का? शिवाय प्रोटीनचं काय, आईचं प्रोटीन पण कमी पडतं असं डॉक्टर म्हणाले, मशरूम आठवड्यातून तीनदा दिलं तर ते भागेल का?

निलेश_सिडको
ताई बिनधास्त द्या. मशरूममध्ये ३५ टक्के प्रोटीन असतं, मटणापेक्षा जास्त, मी जिमला जातो तिथे सगळे सांगतात. आणि मशरूम पण माणसासारखं उन्हात स्वतःचं डी बनवतं. ऊन ते ऊन, काच असली काय नसली काय, उजेड तर आत येतोच ना.

सुलभाकाकू
अगं अनघा, इतकं करण्यापेक्षा आईलाच उन्हात बसव. आमच्या लहानपणी आई रोज सकाळी तेल लावून कोवळ्या उन्हात बसवायची, कोणाला कधी डी कमी नव्हतं. मी तर आता गच्चीवर साडेसात ते आठ बसतेच. आणि हो, पावसाळ्यात त्र्यंबककडे रस्त्यावर अळंबी विकायला बसतात ती घेऊ नको बाई, आमच्या ओळखीतल्या एकांना उलट्या होऊन ॲडमिट करावं लागलं होतं.

अनघा_इंदिरानगर
काकू आई गुडघ्यामुळे गच्चीवर चढत नाही, लिफ्ट चौथ्यापर्यंतच आहे. आणि रानातली नाही हो, दुकानातली पाकिटातली म्हणतेय मी.

ढिंगरी_ओझर
अनघाताई, मी ओझरजवळ ढिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूमचं पीक घेतो, सातवं वर्ष चालू आहे, आधी द्राक्ष होती ती अजून आहेत थोडी. तुमच्या पाकिटात डी जवळजवळ काहीच आलं नसणार, आणि वाईट वाटून घेऊ नका, निम्मे लोक हेच करतात. तीन कारणं एकत्र आली तुमच्याकडे.
पहिलं म्हणजे काच. डी तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी, आणि खिडकीची साधी काच उजेड आत सोडते, ऊब सोडते, पण यूव्हीबी जवळपास सगळं अडवते. म्हणून निलेशभाऊंचं "उजेड येतो ना" हे खरं असूनही उपयोगाचं नाही, उजेडाने हे काम होतच नाही.
दुसरं म्हणजे वेळ. कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं पण साडेसातला सूर्य इतका खाली असतो की त्याचे किरण हवेच्या खूप जाड थरातून तिरके येतात आणि यूव्हीबी वरच गाळली जाते. सुलभाकाकू, तुमच्या सकाळच्या बसण्यालाही हेच लागू आहे, राग मानू नका.
तिसरं म्हणजे पाकीट. वरचा प्लास्टिकचा कागद काढायचा, आणि बटण अख्खं ठेवायचं नाही. का ते सांगतो. मशरूमच्या पेशींच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, आपल्या अंगात जसं कोलेस्टेरॉल तसं बुरशीच्या अंगात हे. त्याच्यावर यूव्हीबी पडली की त्याचं डी२ होतं, व्हिटॅमिन डी चाच एक प्रकार. पण किरण आत फार शिरत नाहीत, वरच्या पातळ थरातच काम होतं. मग गोल अख्ख्या बटणाला ऊन लागतं तरी किती? कापलं की उघडी बाजू कितीतरी वाढते आणि खालच्या पापुद्र्याच्या गिल्स, ज्या बटणात झाकलेल्या असतात, त्या उघड्या पडतात. ढिंगरीला हा त्रास नाही, ती मुळातच पातळ आणि पसरट, नुसती उलटी करून गिल्स वर ठेवायच्या.
नाव कुठून आलं ते पण मजेशीर आहे, तुमच्यापैकी कोणाची येवला मालेगावकडे बाजरी असेल तर अरगट रोग माहीत असेल, कणसावर चिकट थेंब येतात तो. तशाच राय या धान्यावरच्या अरगटापासून हा पदार्थ पहिल्यांदा १८८९ मध्ये वेगळा काढला, त्यावरून अर्गोस्टेरॉल.

निलेश_सिडको
काचेचं माहीत नव्हतं. पण भाऊ मशरूम वाढतंच मुळात शेडमध्ये, अंधारात, मग दुकानातल्या मशरूममध्ये डी असतं कशाला म्हणायचं? पाकिटावर तर लिहितात "रिच इन व्हिटॅमिन डी".

ढिंगरी_ओझर
बरोबर पकडलंत. बटण तर पूर्ण अंधाऱ्या खोलीत येतं आणि ढिंगरीला पण आम्ही गव्हाच्या भुशात बेड भरल्यावर वीसेक दिवस अंधारातच ठेवतो, नंतर थोडा उजेड. त्यामुळे साध्या बटणमध्ये १०० ग्रॅमला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी डी असतं, म्हणजे ४० युनिटच्या आतच. काही मोठे प्लांट काढणीनंतर यूव्ही दिव्याखालून नेतात, ते तसं लिहितात. नुसतं "रिच" लिहिलं आणि यूव्हीचा उल्लेख नसेल तर मी विश्वास ठेवत नाही.

भाग्यश्री_डाएट
मी आहारतज्ज्ञ आहे, कॉलेज रोडला बसते. ढिंगरीभाऊंनी ऊन सांगितलं, मी प्रोटीनचं सांगते, कारण निलेशचा ३५ टक्के आकडा माझ्याकडे रोज कोणीतरी घेऊन येतं.
तो आकडा कोरड्या मशरूमचा आहे. ताज्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. म्हणजे १०० ग्रॅम ताज्या बटणमध्ये प्रोटीन अडीच ते तीन ग्रॅम. अनघाचं अख्खं २०० ग्रॅमचं पाकीट धरलं तर सहाच्या आसपास, ते तिघांत वाटलं की प्रत्येकी दोन ग्रॅम. आईचं वजन ५५, किलोला ०.८३ ग्रॅमप्रमाणे तिला दिवसाला ४५-४६ ग्रॅम लागतं. एका वाटीभर घट्ट वरणाला साधारण ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ लागते, त्यातूनच सहा साडेसहा ग्रॅम मिळतं. त्यामुळे मशरूम केलं म्हणून त्या दिवशी डाळ किंवा उसळ काढून टाकायची नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरोघरी हेच होतं, "आज मशरूम आहे, वरण कशाला".
आणि तो ३५ चा आकडा कोरड्यालासुद्धा जरा फुगलेलाच असतो. लॅबमध्ये प्रोटीन सरळ मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. मशरूमचा सगळा नायट्रोजन प्रोटीनचा नसतो, बुरशीच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं त्याच्यातही नायट्रोजन आहे, आणि ते आपल्याला प्रोटीन म्हणून मिळत नाही. म्हणून मशरूमसाठी ४.३८ ने गुणायची पद्धत आहे. निलेश, तुझे ३५ त्या हिशोबाने साडेचोवीस होतात. ते काही वाईट नाहीत, त्यातलं लायसिन वगैरे पण चांगलं आहे, गहू बाजरीत जे कमी असतं ते. पण एक किलो ताजं मशरूम वाळवलं तर शंभर ग्रॅम राहतं, ते साडेचोवीस एका किलोतले आहेत.

निलेश_सिडको
हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी रोज एक पाकीट खाऊन तीस ग्रॅम झाले समजत होतो. मग त्या पावडरी विकतात त्यांच्यावरचा आकडा कोणता?

भाग्यश्री_डाएट
पावडर कोरडीच असते त्यामुळे टक्का खरा असू शकतो, पण चमचा किती ग्रॅमचा ते बघ. पाच ग्रॅमच्या चमच्यात सव्वा ग्रॅम प्रोटीन.

वैभव_सातपूर
एक वेगळं विचारतो, मशरूम शाकाहारी धरायचं का? आमच्या घरी आजी म्हणते ती कुत्र्याची छत्री, ना भाजी ना मांस, स्वयंपाकघरात नको. शेजारी जैन कुटुंब आहे तेही खात नाहीत. आणि B12 असतं म्हणतात मग ते प्राण्यासारखंच झालं ना?

पंचवटी_कुलकर्णी
आमच्याकडे चातुर्मासात बंद, बाकी वेळ चालतं. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. बुरशी आहे, वनस्पती नाही, प्राणीही नाही, एवढं खरं. त्यामुळे आजी "ना भाजी ना मांस" म्हणते ते शब्दशः बरोबर आहे, मला तर फार आवडलं. माझा मुलगा डॉक्टर आहे, तो म्हणतो B12 साठी मशरूमवर अवलंबून राहूच नका, असलं तर अगदी नाममात्र.
पण मी वेगळंच लिहायला आले होते. ते सॅशेचं डी३ बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, मला पाच वर्षं घेतल्यावर कळलं. मेंढी मारत नाहीत हे ठीक, पण मला मनाला लागलं. मशरूमचं डी२ त्या दृष्टीने निखळ. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी३ पण आता मिळतं, महाग आहे.

अनघा_इंदिरानगर
वा, कुठल्या कुठे गेलो आपण, पण सगळं कामाचं आहे. ढिंगरीभाऊ, मला आता नीट सांगा. उद्या मी परत पाकीट आणते. घड्याळ लावून काय काय करू? आणि मिळेल किती ते पण, आईला ६०० युनिट लागतात असं वाचलं.

ढिंगरी_ओझर
सांगतो सगळं, जरा लांब होईल.
आधी वेळ. घड्याळापेक्षा सावली बघा. उन्हात उभं राहा, तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर यूव्हीबी कामापुरती आहे. सावली लांब असेल तर नाही, मग ऊन कितीही चटके देवो. आपल्या नाशिकला सूर्य डोक्यावर बाराला येत नाही, साधारण साडेबाराच्या आसपास येतो, महिन्याप्रमाणे पंधरावीस मिनिटं मागेपुढे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर शून्य सावली होते, तेव्हा सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत चालतं. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीसुद्धा सावली जवळपास आपल्या उंचीएवढीच असते, तेव्हा बारा ते दीड एवढाच काळ धरा आणि वेळ दुप्पट द्या.
मशरूम फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा म्हणजे घाम सुटणार नाही. धुवू नका, ओल्या फडक्याने पुसा. बोटाच्या अर्ध्या जाडीचे काप करा, स्टीलच्या ताटात किंवा सुपात एकाला एक न चिकटता पसरा. कापाच्या एका बाजूलाच ऊन लागतं म्हणून मध्ये एकदा उलटा. गच्चीत, मोकळ्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, काच नको एवढंच. वाळवणाला घालतो तशी पातळ मलमल घातली तर थोडी यूव्हीबी जाते पण माशांपेक्षा बरं. मी घालतच नाही, जवळ उभा राहतो.
मार्च ते ऑक्टोबर आकाश निरभ्र असेल तर अर्धा तास पुरे. पहिल्या पंधरा मिनिटांतच मोठा वाटा तयार होतो, मग वेग मंदावतो. तासाभराच्या पुढे फायदा थोडा आणि माल सुकून काळपट पडतो, एप्रिलमध्ये तर चामड्यासारखा होतो. फार जास्त ठेवलं की तयार झालेल्या डी२ चंच पुढे दुसऱ्या निरुपयोगी पदार्थांत रूपांतर व्हायला लागतं.
तुम्ही विचारलं कळतं कसं. कळत नाही ताई. रंग बदलतो तो कापल्याने आणि सुकल्याने, डी मुळे नाही. चव वास काही नाही. खात्री फक्त लॅबमध्ये. म्हणूनच सावलीचा नियम धरायचा.

अनघा_इंदिरानगर
आणि किती मिळेल?

ढिंगरी_ओझर
हिशोब लावू. दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटं ते दोन तास ठेवलेल्या बटणमध्ये १०० ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त मिळालंय असे प्रयोग आहेत, कापलेल्यात त्याहून बरंच जास्त. आपण कमी धरू, १०. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, तर १०० ग्रॅमला ४००, तुमच्या पाकिटात ८००. शिजवताना थोडं जातं, पाच मिनिटं तेलावर परतलं तर दहाबारा टक्के, जास्त शिजवलं तर तिसरा हिस्सापर्यंत. ७०० धरा. तिघांत वाटलं तर आईच्या ताटात सव्वादोनशे. ६०० पैकी सव्वादोनशे, तेही ज्या दिवशी खाल त्या दिवशी. आठवड्यातून तीनदा म्हणजे आठवड्याला सातशे, गरज आठवड्याची ४२००.
मला माल विकायचा आहे तरी खोटं सांगणार नाही, ११ वरून वर काढायचं काम मशरूमचं नाही. टिकवायला हातभार म्हणून ठीक.

अनघा_इंदिरानगर
हे इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं, खरंच आभार. म्हणजे आईला एकटीला शंभर ग्रॅम दिलं तर साडेतीनशे. आम्ही दोघं खाणार नाही, चालेल.

सुलभाकाकू
पण मग मी इतकी वर्षं सकाळी बसते ते फुकट का? मला तर फार बरं वाटतं. आणि दुपारच्या उन्हात बसून चक्कर आली तर?

भाग्यश्री_डाएट
काकू फुकट नाही, सकाळचा उजेड झोपेला चांगला, बसणं सोडू नका. फक्त डी साठी मोजू नका. एकदा टेस्ट करून घ्या ना.

गंगापूररोड_मीरा
माझा अनुभव लिहिते कारण अनघाच्या आईच्या बाबतीत हे होऊ शकतं. मी पूर्ण व्हीगन आहे, डॉक्टरांशी बोलून चार महिने डी२ च्याच गोळ्या घेतल्या आणि सोबत उन्हात वाळवलेली ढिंगरी पावडर. टेस्ट केली तर १४, आधी १२ होतं. मी इतकी निराश झाले, वाटलं सगळं वाया गेलं. मग एका ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टनी विचारलं की टेस्ट कोणत्या पद्धतीने झाली. काही मशीनच्या पद्धती डी२ पासून तयार झालेलं कमी पकडतात, डी३ चं नीट पकडतात. दुसरीकडे मास स्पेक्ट्रोमेट्रीवाली टेस्ट केली, त्यात डी२ आणि डी३ वेगळं छापून येतं. त्यात डी३ चं ९ आणि डी२ चं १३, एकूण २२. पुरेसं नव्हतंच पण १४ पण नव्हतं.
म्हणून जो मशरूमवर किंवा डी२ वर आहे त्याने रिपोर्टमध्ये दोन आकडे वेगळे आहेत का ते बघा.

पंचवटी_कुलकर्णी
पण तुमचं डी३ १२ चं ९ झालं ना? मुलगा म्हणतो डी२ घेतलं की डी३ थोडं खाली येतं असं दिसलंय.

गंगापूररोड_मीरा
हो, झालं. ते डी२ मुळे का हिवाळ्यात मी बाहेरच पडले नाही त्यामुळे, मला सांगता येणार नाही.

निलेश_सिडको
पण डी२ काय डी३ काय, शरीरात शेवटी एकच होतं ना? नावातच फक्त फरक.

भाग्यश्री_डाएट
नाही निलेश, दोन्ही काम करतात पण डी२ रक्तात तितका काळ टिकत नाही. ६०,००० सारखा मोठा डोस एकदम देऊन महिनाभर वाट बघायची असेल तर डी३ जास्त पुरतं. रोज थोडं थोडं घेतलं तर फरक कमी होतो. किती कमी यावर अजून वाद आहे, मी स्वतः माझ्या पेशंटना डॉक्टर डी३ देत असतील तर बदलायला सांगत नाही. मशरूम त्याच्या वर.

पंचवटी_कुलकर्णी
आणि मी सांगते की ज्यांना लोकर नको त्यांना डी२ रोज घ्यायचा पर्याय आहे, डॉक्टरला विचारून. दोन्ही बाजू आहेत.

वैभव_सातपूर
ढिंगरीभाऊ पावसाळ्यात काय करायचं? जून ते सप्टेंबर ऊनच नसतं, आणि नेमकं तेव्हाच मशरूम स्वस्त मिळतं.

ढिंगरी_ओझर
म्हणूनच मी एप्रिल मेमध्ये वाळवून ठेवतो, घरच्यासाठी. कुरडया पापड्यांच्याच दिवसांत. पण यात एक चूक होते ती सांगतो, मी पहिली दोन वर्षं केली. मी ढिंगरी ड्रायरमध्ये वाळवायचो, रंग सुंदर पांढरा, आणि सगळ्यांना सांगायचो डी भरपूर आहे. ड्रायरमध्ये ऊब असते, यूव्हीबी नसते. डी काहीच नव्हतं त्यात. सोलनला मशरूम संशोधन संचालनालयात ट्रेनिंगला गेलो तेव्हा तिथल्या एकांनी विचारलं, "ऊन कधी दाखवलंस?" मला लाज वाटली.
आता ताजी असतानाच आधी ऊन देतो. गिल्स वर करून दुपारी पाऊण तास, मग सावलीत किंवा ड्रायरला पन्नास अंशावर, कुरकुरीत होईपर्यंत. वाकवली की मोडली पाहिजे, वाकली तर ओल आहे, बुरशी धरेल. दोन किलोचे दोनशे ग्रॅम होतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अंधारात, पावडर केली तर फ्रीजमध्ये. सहा महिने चांगली राहते, नंतर हळूहळू कमी होत जातं, ओल लागली तर लवकर.
पाच ग्रॅम पावडर म्हणजे पन्नास ग्रॅम ताजी, म्हणजे आपल्या कमीत कमी हिशोबाने २०० युनिट. वरणात, थालीपिठाच्या भाजणीत, तेल तूप असलेल्या कशातही. डी तेलातच विरघळतं.

निलेश_सिडको
मग दोन दिवस पूर्ण उन्हातच ठेवून पावडर केली तर जास्तच येईल ना, एका चमच्यात सगळं काम.

ढिंगरी_ओझर
येतं, आणि तिथेच सांभाळायचं. शिटाके नावाच्या मशरूमवर एक प्रयोग झालेला, दोन दिवस सहा सहा तास, गिल्स वर. १०० ग्रॅमला १०० युनिटवरून ४६,००० झाले, गिल्स खाली ठेवलेल्यात त्याच्या पाव. आता अशी पावडर कोणी रोज दोन चमचे आणि वर सॅशे घ्यायला लागलं तर? मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादा ४००० धरतात. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मुतखड्याची तक्रार असणाऱ्यांनी तर जपूनच. घरच्या पावडरीत नेमके किती युनिट हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून मी पाऊण तासावर थांबतो, म्हणजे कमी पडलं तरी चालेल, जास्त व्हायची भीती कमी.

अनघा_इंदिरानगर
अपडेट देते. काल रविवारी केलं. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी खाली सोसायटीच्या पार्किंगच्या मोकळ्या भागात स्टूल टाकून ताट ठेवलं, माझी सावली अगदी पायाशी. कापलेलं २०० ग्रॅम, वीस मिनिटांनी उलटवलं, चाळीसला उचललं. थोडं तपकिरी झालं, कडा सुकल्या, पण भाजी नेहमीपेक्षा चविष्ट झाली कारण पाणी कमी सुटलं. आई म्हणाली वाळवणासारखं झालंय. अर्धं तिने खाल्लं, अर्धं फ्रीजमध्ये आहे, ते किती दिवस चालेल?

ढिंगरी_ओझर
आठवडाभर डी ला फारसं काही होत नाही, भाजी खराब व्हायच्या आधी डी जात नाही. पण कापलेलं आहे, परवापर्यंत संपवा.

सुलभाकाकू
मी आज दुपारी साडेबाराला दहा मिनिटं बसून आले, छत्री डोक्यावर आणि हात उन्हात. टेस्टला पण नाव दिलंय. आकडे वेगळे छापतात का विचारलं तर तिथल्या मुलीला माहीत नव्हतं.

गंगापूररोड_मीरा
काकू तुम्ही मशरूम किंवा डी२ घेत नसाल तर साधी टेस्टही चालेल.

अनघा_इंदिरानगर
आईचे सॅशे संपले की तीन महिन्यांनी परत टेस्ट आहे, तेव्हा मी वेगळे आकडे देणारी लॅब शोधते. ढिंगरीभाऊ, दोन किलो ताजी ढिंगरी या शनिवारी मिळेल का, द्वारका चौकापर्यंत मी येते घ्यायला. वाळवायला खाली पार्किंगमध्ये जागा मिळाली, सेक्रेटरींना विचारलं, त्यांच्या बायकोने पण एक किलो सांगितलंय.

ढिंगरी_ओझर
शनिवारी सकाळी सहाला काढणी आहे. तीन किलो ठेवतो. कागदी पिशवीत देईन, प्लास्टिकमध्ये बांधू नका, आणि त्याच दिवशी दुपारी ऊन द्या, रविवारवर ढकलू नका, ढिंगरी थांबत नाही.